सीईओंना मेल: 480 शब्द की दोन ओळी?

*काल शेवटची फेरी झाली. पद सप्लाय चेन प्रमुखाचं, मुलाखत थेट सीईओंबरोबर, 50 मिनिटं. मला या कामाचा 17 वर्षांचा अनुभव आहे. बोलणं छान झालं, एकाच ठिकाणी अडखळले. "दोन गोदामांपैकी एक बंद करायचं झालं तर कोणतं?" असं त्यांनी विचारलं आणि मी "अभ्यास करून सांगेन" म्हणून वेळ मारून नेली. आता आभाराचा मेल लिहायला बसले तर तो 480 शब्दांचा झालाय. सोबत पहिल्या 90 दिवसांचा आराखडाही जोडलाय, सहा स्लाइड्सचा. नवरा म्हणतो, एवढं कोण वाचणार, दोन ओळींत आभार मान आणि मोकळी हो. मैत्रीण म्हणते, एवढ्या वरच्या पदाला दोन ओळी म्हणजे पोरखेळ. सूर कसा ठेवू आणि किती लिहू? मसुदा सोबत पाठवतेय.*

*— मसुद्यात अडकलेली*

हे उत्तर सदरात येईपर्यंत तुमच्या मेलची वेळ टळून गेली असती, म्हणून दुरुस्त मसुदा तुम्हाला त्याच संध्याकाळी पाठवला होता. तो तसा का केला, ते आता तुमच्या परवानगीने सविस्तर लिहिते.

तुमचा 480 शब्दांचा मेल मी दोनदा वाचला. त्यात कंपनीच्या वाढीबद्दल एक परिच्छेद आहे, तुमच्या अनुभवाबद्दल दोन, नेतृत्वाबद्दल एक आणि शेवटी आभार. गोदामांबद्दल एक आकडा तेवढा आहे, पण त्यांनी विचारलेल्या प्रश्नाबद्दल मात्र एक ओळ नाही. मला पत्र लिहिताना तुम्हाला सगळ्यात आधी तीच गोष्ट आठवली, आणि ज्यांनी प्रश्न विचारला त्यांना लिहिताना ती तुम्ही टाळलीत. माझ्या मते मेल लांबला तो यामुळेच. जे सांगायचं ते सांगायचं नसलं की माणूस आजूबाजूचं बरंच सांगतो.

शेवटच्या फेरीपर्यंत पोचलेल्या माणसाला काम येतं की नाही, हा प्रश्न आधीच्या फेऱ्यांमध्ये निकाली निघालेला असतो. सीईओंसमोर उरलेल्या दोन-तीन जणांपैकी कोणालाही घेतलं तरी काम होणार असतं. त्यांच्या मनात प्रत्येकाबद्दल एखादी शंका तेवढी राहते, आणि तुमच्याबद्दलची कोणती ते तुम्हाला ठाऊक आहे: निर्णय घ्यायची वेळ आली की ही बाई "अभ्यास करते" म्हणणार का? या मेलला दुसरं काही काम नाही. ती शंका मिटवायची आणि थांबायचं. लांबी त्यावरूनच ठरते.

मग उत्तर काय द्यायचं? "दोन नंबरचं गोदाम बंद करा" असं लिहिलंत तर आगीतून फुफाट्यात. तुमच्याकडे त्यांचे आकडे नाहीत हे त्यांना माहीत आहे, त्यामुळे आत्मविश्वासाने सांगितलेलं नाव पोकळच वाटेल. त्यांना नाव नको होतं. तुम्ही कशाला आधी हात घालता, हे बघायचं होतं. मी फोनवर तुम्हाला हेच विचारलं, की उद्या रुजू झालात तर पहिला आकडा कोणता मागाल? तुम्ही क्षणभरही न थांबता म्हणालात, "हे गोदाम नसेल तर किती ऑर्डरी दिलेल्या तारखेला पोचणार नाहीत, तो." भाडं? "ते नंतर. भाडं वाचतं ते लगेच दिसतं, गिऱ्हाईक जातं ते सहा महिन्यांनी दिसतं." हेच तर उत्तर! मुलाखतीत सुचलं नाही, एवढंच.

तुमच्या मसुद्यात एका जागी वर्गमुळाचा नियम होता: दोन गोदामांचं एक केलं की राखीव साठा साधारण 29 टक्क्यांनी कमी लागतो. नियम बरोबर आहे, पण दोन्हीकडची मागणी सारखी असेल आणि एकीकडची चढउतार दुसरीकडच्या चढउताराशी बांधलेली नसेल तरच. एकाच सणाला किंवा एकाच जाहिरातीने दोन्हीकडची मागणी उसळत असेल, तर ती बचत बरीचशी विरून जाते. तुम्हाला हे माहीत आहे, पण मेलमध्ये ती अट लिहायला जागा नव्हती म्हणून तुम्ही नुसता आकडा ठेवलात. सीईओ तो आकडा त्यांच्या ऑपरेशन्सच्या माणसाला दाखवणार, आणि तो माणूस पहिल्यांदा ती अटच विचारणार. ज्या आकड्याला तळटीप लागते, तो अशा मेलमध्ये घालू नये.

याला जोडूनच दुसरी गोष्ट, जी बहुतेकांच्या लक्षात येत नाही. हा मेल तुम्ही एका माणसाला लिहीत असलात तरी तो एकटा वाचणार नाही. बऱ्याच सीईओंचा इनबॉक्स आधी त्यांचे सहायक उघडतात. मेल आवडला तर सीईओ तो "बघा" एवढंच लिहून एचआर प्रमुखांना, कधी संचालकांना, कधी ज्यांच्या शेजारी तुम्ही बसणार त्या विभागप्रमुखांना पाठवतात. तेव्हा लिहिताना खोलीत नसलेली ही माणसं डोळ्यांसमोर ठेवायची.

मी काही वर्षांपूर्वी एका निवड समितीत होते, पद वित्तप्रमुखाचं. एका उमेदवाराने शेवटच्या फेरीनंतर प्रमुखांना सुरेख मेल लिहिला. चौथ्या परिच्छेदात एक वाक्य होतं: "विक्री विभाग अंदाज फुगवून देतो हे तुमचं निरीक्षण मला तंतोतंत पटलं." प्रमुखांनी पहिले दोन परिच्छेद वाचले, खूश झाले आणि मेल सगळ्या समितीला पाठवून दिला. समितीत विक्रीप्रमुखही होते. ते चिडले वगैरे नाहीत. बैठकीत त्यांनी एवढंच विचारलं, "बंद दाराआडचं बोलणं हा गृहस्थ दुसऱ्या दिवशी लेखी पाठवतो. याच्या हाती आपले हिशेब द्यायचे का?" त्यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं. प्रमुखांकडे तर नव्हतंच.

तुमच्या मसुद्याच्या तिसऱ्या परिच्छेदात "कारखान्यातल्या मंडळींबद्दल तुम्ही जे म्हणालात ते माझ्याही अनुभवाचं आहे" असं वाक्य होतं. मी ते सगळ्यात आधी काढलं. आणि गोदाम बंद करण्याचा विचार तरी अजून किती जणांना माहीत असेल? तिथे काम करणाऱ्यांना तर नक्कीच नसेल. म्हणून विषयाच्या ओळीत "गोदाम" हा शब्द नको आणि आतही नको. "दोनपैकी एक" एवढं म्हटलं की ज्यांनी विचारलं त्यांना कळतं, बाकीच्यांना कळायची गरज नाही. आणि तुम्ही जपून लिहिलंत हे सीईओंच्या नजरेतून सुटत नाही. तुम्ही स्वतःबद्दल काहीही न सांगता त्यांना जे कळतं, ते असं कळतं.

आता सुराबद्दल. "आपण आपला अमूल्य वेळ दिलात", "आपल्यासारख्या दूरदृष्टीच्या नेतृत्वाखाली काम करायला मिळालं तर मी स्वतःला भाग्यवान समजेन", "काही उणं-अधिक बोलले असल्यास क्षमस्व". ही वाक्यं पहिल्या नोकरीच्या अर्जात शोभतात. ज्या खुर्चीसाठी तुम्ही गेलात, तिथे बसणाऱ्या माणसाने सीईओंना आठवड्यातून दोनदा तरी "हे जमणार नाही" म्हणायचं असतं. इतक्या वाकून लिहिणारी बाई ते म्हणेल का, असा प्रश्न वाचणाऱ्याला पडतो. मी एक साधी कसोटी लावते: रुजू होऊन तीन आठवडे झाल्यावर तुम्ही याच माणसाला याच विषयावर मेल लिहिलात तर तो कसा असेल? तोच सूर आज ठेवायचा. आदर असावा, पण तो मुद्द्यावर येण्यात दिसावा.

उलट टोकाला जाऊन घात झालेलेही मी पाहिलेत. "तुमच्या यंत्रणेत मला तीन मूलभूत त्रुटी दिसल्या" असं 50 मिनिटांच्या ओळखीवर लिहिणारा माणूस हुशार असेलही, पण आत आल्यावर तो पहिल्या महिन्यात किती जणांना दुखावेल याचा हिशेब वाचणारा मनातल्या मनात करून टाकतो. आणि एक खास आपल्या भाषेतली गंमत. "आपल्या गोदामांमध्ये" असं लिहिलं की ते आदरार्थी "आपल्या" की "तुमच्या-माझ्या", हे कळत नाही. निवड व्हायच्या आधी तुम्ही घरच्यासारख्या वागायला लागलात असं वाटू शकतं. "तुमच्या" लिहा, त्यात अनादर नाही. (मुलाखत दुसऱ्या भाषेत झाली असेल तर मेलही त्याच भाषेत जाईल. तिथेही "आपण सगळे" हा प्रथमपुरुष नोकरी मिळेपर्यंत राखून ठेवा.)

लांबीचा हिशेब आता सोपा आहे. आभाराचं एक वाक्य, उत्तराची सहा-सात, इच्छेचं एक, पुढच्या टप्प्याचं एक. सगळं मिळून 100 ते 150 शब्द, म्हणजे फोनवर अंगठ्याने एकदा वर सरकवलं की संपलं. मिनिटाच्या आत वाचून होतं, आणि दोन बैठकांच्या मधे माणसाकडे तेवढाच वेळ असतो. तुमच्या 480 शब्दांना दोन मिनिटं तरी लागली असती. ती दोन मिनिटं नसली की मेल "नंतर वाचू" मध्ये जातो आणि तिथेच राहतो.

तुमच्या यजमानांच्या दोन ओळी चुकीच्या नाहीत, बरं का. मुलाखतीत काहीच अर्धवट राहिलं नसेल तर तेवढंच लिहावं. काहीतरी भारी लिहायचं म्हणून नसलेला मुद्दा उकरून काढणं हा वेगळा घोळ. पण तुमच्याकडे मुद्दा होता.

आणि त्या सहा स्लाइड्स. त्यांनी मागितल्या होत्या का? नव्हत्या. न मागता आराखडा पाठवला की चर्चा तुमच्यावरून आराखड्यावर जाते, आणि तो उभा असतो बाहेरून कळलेल्या चार गोष्टींवर. त्यातली एक जरी चुकीची निघाली, तरी "इथलं काही माहीत नसताना लिहिलंय" म्हणायला कोणालाही जागा मिळते. तुमच्या तिसऱ्या स्लाइडवर "खरेदी विभागाची फेररचना" आहे. हा मेल खरेदीप्रमुखांकडे गेला तर? पुढे कोणी आराखडा मागितलाच, तर एक पान द्या आणि काय गृहीत धरलंय ते सगळ्यात वर लिहा.

तुम्हाला पाठवलेला मसुदा असा होता:

विषय: मंगळवारची भेट

नमस्कार,

काल सविस्तर बोलायला वेळ दिलात, आभारी आहे.

तुमच्या "दोनपैकी एक" या प्रश्नाला मी "अभ्यास करून सांगेन" म्हणाले. ते उत्तर अर्धं होतं. आकडे पाहिल्याशिवाय नाव मी आजही घेणार नाही, पण निर्णय कशावर घेईन ते सांगू शकते. प्रत्येक पर्यायात ग्राहकाला दिलेली तारीख किती ऑर्डरींमध्ये चुकेल, हे आधी पाहीन. जिथे हा आकडा कमी, तो पर्याय पुढे. त्यानंतर करारांची मुदत आणि माणसांची सोय. खर्चातली बचत शेवटी, कारण ती लगेच दिसते आणि ग्राहक तुटल्याचं उशिरा कळतं. मागच्या बारा महिन्यांच्या ऑर्डरी हातात आल्या की तीन आठवड्यांत मी तुम्हाला नाव सांगेन.

हे काम मला करायचं आहे. पुढच्या टप्प्याबद्दल रिक्रूटरांशी बोलणं सुरू ठेवते.

(नाव, फोन)

यात "तीन आठवड्यांत नाव सांगेन" हे वाक्य माझं नाही, तुमचं आहे. मी "साधारण महिनाभरात कळवू शकेन" असं लिहिलं होतं आणि तुम्ही ते बदललंत. चांगलं केलंत. शंका निर्णय घेण्याबद्दलची होती, तिला तारीखच हवी होती. "हे काम मला करायचं आहे" यावर तुम्ही कचरलात, फार थेट वाटतं म्हणालात. पण "संधी मिळाल्यास आनंद होईल" यातून तुम्हाला नोकरी हवी आहे की नाही हेच कळत नाही, आणि वरच्या पदांवर माणूस शेवटच्या क्षणी "नको" म्हणेल ही धास्ती कंपनीलाही असते. पगाराचा आणि "निर्णय कधी" याचा मात्र उल्लेख इथे करायचा नाही. ते बोलणं रिक्रूटरांशी.

पाठवायची वेळ: मुलाखतीनंतर 24 तासांच्या आत. पण त्याच रात्री अकराला नको, दुसऱ्या दिवशी कामाच्या वेळात. सीईओंचा पत्ता त्यांनी स्वतः दिला असेल किंवा मुलाखतीचं निमंत्रण त्या पत्त्यावरून आलं असेल तरच थेट पाठवा. मधे उमेदवार शोधून देणारी सर्च फर्म असेल तर आधी तिथल्या सल्लागाराला विचारा. काही जण सगळा पत्रव्यवहार आपल्यामार्फतच ठेवतात, त्यांना वगळून गेलेलं त्यांना आवडत नाही, आणि सीईओ तुमच्याबद्दल शेवटचं मत त्यांनाच विचारणार असतात. तसं असेल तर हाच मजकूर त्यांच्याकडे द्या. अंदाजाने पत्ता जुळवून पाठवणं तर नकोच. आणि निवडीच्या नियमांतच परीक्षकांशी संपर्क नको असं लिहिलेलं असेल, तर मेल पाठवायचाच नाही, कितीही चांगला जमला असला तरी.

मग वाट बघणं आलं. "आभारी आहे, एचआर कळवेल" असं उत्तर आलं तर त्यातून बरं-वाईट काहीच काढू नका, ते सगळ्यांना जातं. उत्तर न येण्याचाही अर्थ लावू नका. त्यांनी निर्णयाची तारीख सांगितली असेल तर ती उलटून तीन कामाचे दिवस जाऊ द्या आणि मग विचारा, तेही रिक्रूटरांना, दोन ओळींत. सीईओंना दुसरा मेल नाही. याला अपवाद एकच, तिकडून प्रश्न आला तर.

तुमच्या बाबतीत तो आला. परवा तुम्ही कळवलंत की सीईओंचं उत्तर पाच शब्दांचं आहे: "ऑर्डरीच का? मार्जिन का नाही?" आणि तुम्ही पुन्हा मोठा मसुदा लिहायला घेतलाय. तो बंद करा. त्यांचा मुद्दा बरोबर आहे आणि तो मान्य करायला दोन वाक्यं पुरतात: सगळ्या ऑर्डरी सारख्या नसतात, म्हणून चुकणाऱ्या ऑर्डरी नुसत्या मोजण्याऐवजी प्रत्येकीच्या मार्जिनने तोलून मोजेन. मात्र थोड्या मार्जिनच्या ऑर्डरी मोठ्या ग्राहकाच्याच असतील तर त्या वेगळ्या काढेन, कारण तिथे ऑर्डर चुकली की सगळं खातंच हातचं जातं. त्याच धाग्यात, आजच पाठवा, आणि या वेळी आभारसुद्धा मानू नका.